चिपळूण, रात्रीचा एक आणि लॉजवाले काका

गुहागरला गेले होते, समुद्र बघितला, परशुरामाच्या मंदिरात जाऊन आले, मासे खाल्ले. झालं. ते सगळं छानच होतं पण लिहायचंय ते चिपळूणच्या लॉजवरच्या पहिल्या एका मिनिटाबद्दल.

कराडहून संध्याकाळची बस पकडली, नऊ-साडेनऊला पोचायचं होतं. कुंभार्ली घाटात वळणावर ट्रक आडवा झाला आणि पुढेमागे गाड्यांची रांग लागली. अंधार, पाऊस, मोबाईलला रेंज येऊन जाऊन. रेंज आली तेव्हा लॉजवर फोन करून सांगितलं की उशीर होतोय, खोली दुसऱ्याला देऊ नका. पलीकडून "बरं" एवढंच आलं आणि फोन कट. झालं, आता पुढचे दोन तास मी त्या "बरं"चा अर्थ लावत बसले.

एकटीने फिरणाऱ्या बायकांना कळेल मी काय म्हणतेय. दोन वर्षांपूर्वी एका देवस्थानाच्या गावात रात्री अकराला लॉजवर पोचले तर सोफ्यावर झोपलेल्या पोराने डोळे न उघडता विचारलं, "किती जण?" एकटी म्हटल्यावर उठून बसला आणि म्हणाला, सिंगल लेडीजला देत नाही. मग कुठे देतात ते काही सांगेना. तेव्हापासून काउंटरसमोर उभी राहिले की मी आधीच भांडणाच्या तयारीत असते.

इथेही तेच. एक वाजून दहा मिनिटं, शटर अर्धं खाली, मी वाकून आत शिरले ते बोलतच, "फोन केला होता मी, खोली आहे ना?" चांगलीच चढ्या आवाजात.

काका काउंटरमागे स्टुलावर बसलेले, मफलर, पुढे स्टीलचा तांब्या. म्हणाले, "या ताई. खोली ठेवलीय, आठशेच, आधी फोनवर सांगितलं तेच. ट्रक निघाला का घाटातला?"

बघा, एका दमात तीन भीत्या संपल्या. खोली आहे का, रात्र बघून रेट वाढवणार का, आणि हा माणूस आपल्याकडे संशयाने बघतोय का. मी काही विचारायच्या आत. आणि ट्रकचं विचारल्यामुळे मला जे सांगायचंच होतं ते सांगायला मिळालं, मी बडबडत असताना त्यांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून पुढे सरकवलं.

मग आधार मागितलं. "हे आणि सही आत्ताच लागेल, पोलीस कधीही रजिस्टर बघायला येतात. बाकीचे रकाने सकाळी भरू." रजिस्टर उलटं फिरवून माझ्यासमोर ठेवलं, सही करायच्या जागी बोट. वेळ त्यांनी स्वतः लिहिली. मागच्या भिंतीवर, किल्ल्यांच्या बोर्डाच्या जरा खाली, मळकट आडवी रेघ होती. 2021 च्या जुलैतल्या पुराची. बोर्ड आधी खाली होता, किल्ल्या गाळातून वेचल्या, मग वर चढवला, हे सकाळी कळलं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. बाजूच्या बाकड्यावर दोन माणसं तंबाखू मळत बसली होती, बहुतेक ट्रकवाली, त्यांनी काहीही केलं नाही पण बघत होती. काकांनी किल्ली काढली, लाकडी ठोकळा असलेली, ठोकळ्यावरचा नंबर अंगठ्याखाली झाकून माझ्या हातात दिली. खोलीचा नंबर तोंडाने उच्चारलाच नाही. "जिना चढून पहिलीच, माझ्या डोक्यावर" असं नुसतं हळू म्हणाले आणि मग मोठ्याने, बाकड्याकडे ऐकू जाईल असं, "मी रात्रभर इथेच आहे."

मोठाल्या हॉटेलांत टाय लावलेली पोरं हसून नंबर असा मोठ्याने सांगतात की लिफ्टपाशी उभ्या सगळ्यांना पाठ होतो. वर वेलकम ड्रिंक. मला तो लाल सरबताचा ग्लास नको असतो हो.

जिन्यात असताना खालून आवाज आला, "गीझर लावलाय, बस आल्याचा आवाज ऐकला तेव्हाच." वर गेले तर पाणी कोमटच होतं, त्याला वीसेक मिनिटं लागतात आणि मला दम नव्हता, तशीच पाय धुऊन झोपले. पंखा खडखडत होता, उशी दगड. खोलीला मी दहापैकी पाच देईन, सहा नाही. कडी मात्र आतून घट्ट बसत होती.

सकाळी रजिस्टरचे रकाने भरायला खाली आले. "मी मोठ्याने बोलले काल" असं काहीतरी पुटपुटले तर काका म्हणाले, "एक वाजता सगळेच बोलतात", आणि पेन दिलं. 'कोठून आले' या रकान्यात त्यांनी रात्रीच लिहून ठेवलं होतं, कुंभार्ली घाट. कराड लिहायला हवं होतं खरं तर, पण राहू दिलं.