चेहऱ्यावरून काय उतरते आणि काय राहते

“मॅडम, दारू-बिडी सोडली आन् चहातली साखर बंद केली, तर तोंड पहिल्यासारखं होतंय का? किती दिवसांत?”

परभणीत गेली अनेक वर्षे त्वचारोगांचा दवाखाना चालवताना मी या प्रश्नाला सुरुवातीला ‘हो, फरक पडेल’ एवढेच उत्तर देत असे. ते खोटे नव्हते, पण अपुरे होते, कारण फरक कशात पडेल आणि कशात पडणार नाही हे न सांगितल्यामुळे माणसे तिसऱ्या आठवड्यात आरसा पाहून निराश होत आणि पुन्हा जुन्या वाटेला लागत. आता मी आधी एवढे सांगते की चेहऱ्यावर साचलेले पाणी आठवड्यांत उतरते, बिघडलेला रंग महिन्यांत सुधारतो आणि कातडीची आतली बांधणी मात्र फारशी परत येत नाही. हे नीट कळावे म्हणून मी बहुतेकांना एका गुत्तेदारांची हकिकत ओळख न देता सांगते.

ते गंगाखेडकडचे, वय 47. आठ महिन्यांवर मुलीचे लग्न आले होते, म्हणून ते स्वतःच्या लग्नातला फोटो खिशात घालून आले आणि “असं नाही, पण याच्या जवळपास तरी करा,” म्हणाले. दिवसाला 25 बिड्या, रोज रात्री एक क्वार्टर आणि साइटवर फिरताना दहा-बारा कप चहा, असा त्यांचा पंधरा-वीस वर्षांचा परिपाठ होता. क्वार्टर म्हणजे 180 मिली, त्यात सुमारे 60 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. दर कपात दोन चमचे साखर धरली तर बारा कपांत जवळजवळ 100 ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जात होती. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेली वरची मर्यादा साधारण 50 ग्रॅमची आहे, आणि 25 ग्रॅमच्या आत राहिल्यास अधिक चांगले असे तिचे म्हणणे आहे.

त्यांच्या डोळ्यांखाली फुगवटा होता, गालांवर सावळ्या रंगातूनही दिसणारी तांबूस झाक होती, ओठ काळवंडले होते, मान मखमलीसारखी जाड आणि काळी झाली होती, आणि नाकापासून तोंडाच्या कोपऱ्यांपर्यंत दोन खोल घड्या पडल्या होत्या. मी सर्वांत आधी डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा आहे का ते पाहिले आणि नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का ते तपासले, कारण डोळे पिवळे असतील, किंवा चेहऱ्याची सूज संध्याकाळपर्यंत न उतरता पायांवरही दिसत असेल, तर तो प्रश्न सौंदर्याचा राहत नाही. तिथे यकृत, मूत्रपिंड आणि हृदय आधी बघावे लागते. या दोन्ही खुणा त्यांच्यात नव्हत्या. रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे थोडे वाढलेले निघाले आणि तीन महिन्यांची सरासरी साखर 6.1 आली, ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पायरी.

दारू त्यांना मी त्याच दिवशी बंद करू दिली नाही, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. रोज इतकी पिणाऱ्याने ती एकदम तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणे, झोप उडणे, क्वचित झटके येणे आणि त्यानंतर भ्रम होणे असे प्रकार होऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून त्यांना आधी फिजिशियनकडे पाठवले, आणि त्यांच्या औषधांच्या आधाराने दहा दिवसांत दारू बंद झाली. त्याआधी मी उत्तरेच्या खिडकीजवळ सकाळी दहाच्या उजेडात त्यांचा एक फोटो काढून ठेवला, कारण रोज आरशात पाहणाऱ्याला स्वतःचा बदल कळत नाही आणि वेगवेगळ्या उजेडातल्या दोन फोटोंची तुलना करण्यात अर्थ नसतो.

तिसऱ्या आठवड्यात ते आले तेव्हा डोळ्यांखालचा फुगवटा जवळजवळ गेलेला होता. दारू आधी लघवी वाढवून शरीर कोरडे करते, मग शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवू लागते. त्यात सोबतचे खारे दाणे-शेव आणि मोडलेली झोप यांची भर पडते. पापण्यांची कातडी सैल आणि पातळ असल्यामुळे हे पाणी तिथे सर्वांत आधी दिसते आणि दारू थांबली की तिथूनच सर्वांत आधी उतरते. गृहस्थ मात्र नाराज होते. “मॅडम, दारू सोडली आन् मी म्हातारा झालो,” असे ते म्हणाले, आणि त्यांचे निरीक्षण बरोबर होते, कारण पाणी भरलेल्या कातडीवर बारीक सुरकुत्या ताणल्या जाऊन दिसत नव्हत्या, त्या आता उघड्या पडल्या होत्या. या टप्प्यावर फसल्यासारखे वाटून दारूकडे परतलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे तिसऱ्या आठवड्याचे म्हातारपण मी हल्ली आधीच सांगून ठेवते.

गालांच्या तांबूसपणाबद्दलही थोडे सांगते. काचेची पट्टी दाबल्यावर जो रंग पुसला जातो तो रक्तवाहिन्यांचा. नुसता भरून आलेला लालसरपणा दारू थांबल्यावर काही महिन्यांत कमी होतो, पण कायमच्या रुंदावलेल्या, धाग्यांसारख्या दिसणाऱ्या वाहिन्या आपोआप मिटत नाहीत. त्यांच्यासाठी लेसर आहे, पण आपल्या सावळ्या कातडीवर त्याने काळा डाग पडण्याची भीती असते, म्हणून मी तो सुचवताना हात आखडता घेते.

मग आला चौथा महिना, आणि मान आधीपेक्षा अधिक काळी झालेली दिसली. वजनही तीन किलोंनी वाढले होते. विचारल्यावर कळले की दारूची वेळ झाली की ते पेढे खात होते आणि बिडीची तलफ आली की जास्त गोड चहा पीत होते. हे फार जणांचे होते. मानेचा तो मखमली काळेपणा मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की रक्तात इन्सुलिन वाढते आणि त्यामुळे मानेवर, काखेत, काही जणांच्या कपाळावर आणि कानशिलांवर कातडी जाड होऊन काळवंडते. त्यांनी तो मळ समजून वज्रीने रोज घासला होता, त्यामुळे तो आणखी जाड झाला. शिवाय मेडिकलवरून आणलेली गोरेपणाची क्रीम ते लावत होते, जिच्यात स्टेरॉइड होते. अशा क्रीमने सुरुवातीला उजळ दिसते आणि काही महिन्यांत कातडी पातळ होऊन लाल पडू लागते, तेव्हा गालांच्या लालीतला काही वाटा दारूचा नसून त्या ट्यूबचा होता. वज्री आणि ट्यूब दोन्ही बंद केल्या. चहा चार कपांवर आला, त्यातली साखर हळूहळू गेली, पेढ्यांच्या जागी भाजलेले शेंगदाणे आणि ताक आले, आणि संध्याकाळी चालणे सुरू झाले. पुढच्या सहा महिन्यांत सात किलो वजन उतरले आणि मान डोळ्यांना कळेल इतकी मऊ व फिकट झाली.

बिडी त्यांनी दुसऱ्या महिन्यात सोडली. तेंदूच्या पानातून हवा फारशी खेळत नाही, म्हणून बिडी विझू नये यासाठी ती सिगारेटपेक्षा वारंवार आणि जोराने ओढावी लागते. निकोटीनने कातडीच्या बारीक वाहिन्या आकसतात आणि कातडीला रक्त कमी पोहोचते, त्यामुळे चेहरा राखाडी, निस्तेज दिसतो; हा भाग ओढणे थांबल्यावर काही आठवड्यांत सुधारतो. 1985 साली डग्लस मॉडेल या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये धूम्रपान करणाऱ्याच्या चेहऱ्याचे वर्णन केले होते: सुरकुत्या, कातडीखालून उठून दिसणारी हाडे, राखाडी छटा. यातली राखाडी छटा निघून जाते, पण सुरकुती तशी जात नाही. कारण कातडीला घट्टपणा देणारे धागे म्हणजे कोलेजन, आणि धुरामुळे ते तोडणारे विकर वाढते आणि नवे कोलेजन कमी बनते. धूर थांबला की ही तोडफोड मंदावते, पण तुटलेले पुन्हा पूर्ववत विणले जात नाही.

साखरेचे काम याच ठिकाणी बिडीला येऊन मिळते. रक्तातली साखर कोलेजनच्या धाग्यांना चिकटून त्यांच्यात आडवे बंध तयार करते आणि धागे ताठ होतात. कातडीतले कोलेजन फार सावकाश बदलते, त्याचा निम्मा भाग बदलायला सुमारे 15 वर्षे लागतात, म्हणून आज साखर सोडली तरी आधी चिकटलेली साखर महिन्याभरात निघून जात नाही. ‘साखर सोडा, 30 दिवसांत तरुण दिसा’ म्हणणारे जे दाखवतात, ते उतरलेले पाणी आणि वजन असते.

मी त्यांना बाही वर करून दंडाची आतली बाजू पाहायला सांगितले. तिथली कातडी गुळगुळीत होती, आणि तिनेही धूर, दारू, साखर सारे सोसले होते. चेहऱ्याचा आणि त्या दंडाचा जो फरक होता, त्यात आपल्या मराठवाड्याच्या उन्हाचा वाटा मोठा होता, आणि तो बिडीच्या खात्यावर टाकणे योग्य झाले नसते. म्हणून सकाळी दोन बोटांवर मावेल इतके सनस्क्रीन, साइटवर रुंद काठाची टोपी आणि रात्री वाटाण्याएवढे 0.025 टक्क्यांचे ट्रेटिनॉइन हे बारीक सुरकुत्यांवरचे मलम, आधी एक दिवसाआड, असे दिले. पहिले काही आठवडे चेहरा सोलवटला, मग सोसू लागला. डोळ्यांच्या कोपऱ्यांतल्या बारीक रेषा सातव्या-आठव्या महिन्यात सौम्य झाल्या. नाकाशेजारच्या खोल घड्या होत्या तशाच राहिल्या.

एक गोष्ट इथे कळकळीने सांगते. बिडी सोडून गुटखा किंवा मावा धरणारे माझ्याकडे नेहमी येतात. सुपारीने गालाच्या आतली बाजू ताठ होते, तोंडात तीन बोटे उभी जाणे बंद होते आणि गाल बसतात. सुपारी थांबवल्यावर हे वाढायचे थांबू शकते, पण आखडलेले गाल पूर्वीसारखे होत नाहीत, आणि त्यात कर्करोगाची भीती असतेच.

लग्न झाले, आणि चौदाव्या महिन्यात ते पुन्हा त्याच खिडकीजवळ, दहाच्या उजेडात बसले. दोन्ही फोटो शेजारी ठेवले. डोळे मोकळे झाले होते, गाल राखाडी राहिले नव्हते, मान सदऱ्याच्या कॉलरवर उठून दिसत नव्हती. ओठांचा काळेपणा बराच गेला होता, फक्त उजव्या कोपऱ्यात, जिथे ते वर्षानुवर्षे बिडी धरत, तिथे गव्हाच्या दाण्याएवढा काळसर भाग उरला होता. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, “हे जाईल का?” तो भाग सपाट होता, दुखत नव्हता आणि आकार वाढत नव्हता, म्हणून मी सांगितले की आणखी वर्ष-दोन वर्षांत फिकट होईल, पण तो जाड झाला, खरखरीत झाला किंवा त्यावर जखम झाली तर दुसऱ्याच दिवशी या. नाकाशेजारच्या घड्यांबद्दल त्यांनी विचारले नाही. लग्नातला तो जुना फोटो त्यांनी पुन्हा खिशात ठेवला आणि ट्रेटिनॉइनची नवी ट्यूब लिहून घेतली.