बाईंची मेल आणि 2001 चा रेकनर

रिटर्नच्या हंगामात आमच्या नाशिकच्या ऑफिसात कागद येतात ते बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर. तिरके फोटो, अर्धं पान कापलेलं आणि खाली एक ओळ, ‘सर, बघून घ्या.’ मग कोणतं वर्ष, काय विकलं, कुणाच्या नावावर, हे विचारण्यात आठवडा जातो. म्हणून गेल्या वर्षी, 2025 च्या ऑगस्टमध्ये, एका निवृत्त शिक्षिकेची मेल उघडली तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून ती वाचली. विषयातच सगळं होतं: ‘आर्थिक वर्ष 2024-25, पाथर्डी शिवारातील प्लॉटविक्री, माझा निम्मा हिस्सा.’

खाली त्यांनी लिहिलं होतं:

‘सोबत पाठवत आहे: वडिलांचे 1994 चे खरेदीखत. त्यांचा मृत्युदाखला. 2018 चा फेरफार, ज्याने प्लॉट माझ्या आणि भावाच्या नावावर आला. डिसेंबर 2024 चे विक्रीचे खरेदीखत आणि इंडेक्स 2. मूल्यांककाचा 1 एप्रिल 2001 चा किंमत अहवाल. 2001 च्या रेडी रेकनरचे त्या भागाचे पान. पेन्शनचा फॉर्म 16. नवीन घर किंवा करबचतीचे बाँड घेतलेले नाहीत. प्रश्न एकच: 2001 ची किंमत अहवालाप्रमाणे धरायची की रेकनरप्रमाणे? भाऊ अहवाल धरतो आहे.’

काय घेतलेलं नाही तेही लिहिलं होतं, हे मला सगळ्यात आवडलं. बाँडसाठी विक्रीपासून सहाच महिने मिळतात. ते जूनमध्येच संपले होते. त्यावर एक फोन वाचला.

आता प्रश्न. प्लॉट 48 लाखांना गेला, बाईंचा हिस्सा 24 लाख. इंडेक्स 2 वरचं बाजारमूल्य त्याहून कमी होतं, त्यामुळे विक्रीच्या रकमेवर वाद नव्हता. मालमत्ता वारशाने आली की खरेदीची किंमत आधीच्या मालकाची धरतात, आणि ती 1 एप्रिल 2001 पूर्वीची असेल तर त्या दिवसाचं बाजारमूल्य घेता येतं. महागाई निर्देशांकही बाईंच्या 2018 पासून मोजायचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये आधीच्या मालकाच्या काळापासून तो मान्य केला आहे. म्हणजे 2001-02 चा 100 आणि 2024-25 चा 363.

अहवालात पूर्ण प्लॉटची किंमत 13 लाख होती, रेकनरने 10 लाख. बाईंच्या वाट्याला साडेसहा किंवा पाच. फरक दीड लाखाचा दिसतो, पण त्याला 3.63 ने गुणलं की चित्र पालटतं. साडेसहा लाखांचे होतात 23,59,500. नफा उरतो 40,500 आणि 20 टक्क्यांनी कर 8,100. पाच लाखांचे होतात 18,15,000. नफा 5,85,000, कर 1,17,000.

भावाला अहवाल का हवा होता ते यातून कळतं. पण 2020 च्या वित्त कायद्याने जमीन-इमारतीसाठी मर्यादा घातली आहे: 1 एप्रिल 2001 चं मुद्रांक मूल्य, म्हणजे रेकनरची सरकारी किंमत, उपलब्ध असेल तर बाजारमूल्य त्याच्या वर धरता येत नाही. मूल्यांककाचं काम कितीही नीट असो, रेकनर सापडला की छत तेच. आणि तो बाईंनी स्वतः नोंदणी कार्यालयातून काढून आणला होता.

मी फोन केला.

“बाई, रेकनरच धरावा लागेल.”

“मला वाटलंच होतं, सर. पण मग इंडेक्सेशन नको, नव्या साडेबारा टक्क्यांनी कमी पडेल का?”

तेही मांडून दाखवलं. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीला इंडेक्सेशनशिवाय साडेबारा टक्के लागतात: 24 लाखांतून पाच वजा, 19 लाखांवर 2,37,500. मात्र त्या तारखेआधी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीचा कर कमी येत असेल तर वरचा फरक भरावा लागत नाही. म्हणून बाईंचा कर 1,17,000 आणि त्यावर 4 टक्के उपकर, एकूण 1,21,680. पेन्शनवरचा कर वेगळा. वय साठीच्या पुढचं आणि धंद्याचं उत्पन्न नाही, त्यामुळे आगाऊ कर न भरल्याचं व्याजही नाही.

“भावाला काय सांगू?” बाईंनी विचारलं.

भावाचा हिशेब दुसरीकडे होता. तरी एकाच खरेदीखताचे दोन अर्धे, दोन वेगळ्या किमतींनी खात्याकडे जाणार हे मला पटत नव्हतं. मी मेलला उत्तर लिहिलं, त्यात किंमत, मर्यादेचं कलम आणि दोन्ही आकडेमोडी मांडल्या, आणि ते रेकनरच्या पानासह भावाला पुढे पाठवायला सांगितलं. रिटर्नला कागद जोडायचे नसतात, पण नोटीस आली तर हेच पान आधी मागतील, म्हणून त्याची शिक्क्याची प्रत फाइलमध्ये ठेवायला सांगितली.

तीन दिवसांनी बाईंनी चलन पाठवलं, विषयात पुन्हा आर्थिक वर्ष लिहून. त्याच मेलमध्ये भावाचा निरोपही होता: त्यांनीही हिशेब पाच लाखांवर आणला होता.