टीबीची गोळी सुरू झाली आणि बीपी कोसळलं

काकांना ऍम्ब्युलन्समधून उतरवलं तेव्हा त्यांचं बीपी 76/48 होतं. पन्नाशीचे माथाडी कामगार, मूळचे साताऱ्याकडचे, कोपरखैरण्याला राहणारे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये पाठीवर गोणी वाहणारे. थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला होता आणि जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी गोळ्या सुरू झाल्या होत्या. तेव्हापासून उलट्या, चक्कर, अंथरुणातून उठवेना. आधी ज्यांना दाखवलं त्यांनी 'टीबीच्या गोळ्या जड जातात' म्हणून पित्ताची गोळी दिली होती. तसं वाटणं साहजिक आहे, कारण या गोळ्यांनी मळमळते हे खरंच आहे. लिव्हरचे रिपोर्ट मात्र नॉर्मल होते.

आमच्या रेसिडेंटने सेप्टिक शॉक धरून सगळं चोख सुरू केलं होतं. दोन लिटर सलाईन गेलं, अँटिबायोटिक गेलं, बीपी वर नेणारं नॉरऍड्रीनलीनही चालू झालं. तरी बीपी नव्वदच्या वर सरकेना. शुगर 56, सोडियम 117, पोटॅशियम 5.8. मला खटकलं ते हेच. उलट्या करणाऱ्या माणसाचं पोटॅशियम सहसा खाली जातं, याचं वर होतं.

"मावशी, काका आधीपासून एवढे काळे आहेत का?" मी त्यांच्या पत्नीला विचारलं.

"उन्हातलं काम आहे साहेब. पण या वर्षात जरा जास्तच काळवंडले. आणि मीठ किती खातात! लोणच्याचा खार नुसता बोटाने चाटतात."

उन्हाने हात-तोंड रापतं, हिरड्या रापत नाहीत. टॉर्च लावून पाहिलं तर हिरड्यांवर आणि गालाच्या आतल्या बाजूला शाईसारखे निळसर-काळे डाग. तळहाताच्या रेषा गडद. गोणी टेकते तिथला खांद्याचा पट्टा बाकी पाठीपेक्षा कितीतरी काळा. घर्षण होतं तिथे हा रंग जास्त उमटतो. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अ‍ॅड्रीनलला हाका मारत राहते, एसीटीएच भरमसाट सोडते आणि तेच हॉर्मोन त्वचेतलं रंगद्रव्य वाढवतं. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या, कॉर्टिसॉल हे जगायला लागणारं हॉर्मोन बनवणाऱ्या या दोन छोट्या ग्रंथी उत्तर देत नव्हत्या.

कॉर्टिसॉल आणि एसीटीएचसाठी रक्त काढलं, एसीटीएचची नळी बर्फात ठेवून लॅबला पाठवली. रिपोर्टची वाट पाहिली नाही. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉलच, 100 मिलिग्रॅम शिरेतून दिलं आणि पुढे चोवीस तासांत 200 मिलिग्रॅम जाईल असं चालू ठेवलं. संशय असताना इंजेक्शन देऊन टाकण्याने नुकसान होत नाही, थांबण्याने माणूस जातो. संध्याकाळपर्यंत नॉरऍड्रीनलीन बंद करता आलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: कॉर्टिसॉल 2.3. एवढ्या शॉकमध्ये ते वीसच्या पुढे असायला हवं.

त्या रात्री मी सिस्टरना एका गोष्टीवर डोळा ठेवायला सांगितलं होतं: लघवी. कॉर्टिसॉल नसताना शरीर पाणी धरून ठेवतं. ते मिळालं की लघवी धो-धो सुटते आणि सोडियम फार वेगाने चढतं. ते चोवीस तासांत आठ-दहापेक्षा जास्त वाढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. काकांची लघवी तासाला 400 मिलिलिटरवर गेली तेव्हा सलाईन आवरलं, डेक्स्ट्रोज दिलं आणि दर चार तासांनी सोडियम तपासलं. जीव वाचवल्यावर इथे घात व्हायला नको होता.

आता मुलाचा प्रश्न: "गोळ्यांनीच झालं ना हे? मग बंद करा त्या."

बंद करायच्या नव्हत्या. टीबीचे जंतू रक्तातून अ‍ॅड्रीनलमध्ये केव्हाच पोचले होते आणि महिनोन् महिने ग्रंथी पोखरत होते. नव्वद टक्क्यांच्या आसपास नाश होईपर्यंत माणूस कसाबसा तग धरतो. काका तसेच रेटत होते, लोणच्याच्या खारावर. मग आली टीबीच्या गोळ्यांतली रिफाम्पिसिन. ही गोळी लिव्हरमधली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात चालवते आणि ती यंत्रणा कॉर्टिसॉलही मोडते. धडधाकट ग्रंथी जास्त कॉर्टिसॉल बनवून भरून काढतात, काकांच्या ग्रंथींत तेवढा दम उरला नव्हता. त्यामुळे टीबीचा उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पेशंट असा खचला, तर मी आधी हिरड्या बघतो.

तरी कारण टीबीच आहे हे पक्कं करणं भाग होतं. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथी सुजलेल्या दिसल्या, मध्यभाग सडलेला आणि कडा डाय घेणारी. रक्तस्राव असता तर डाय देण्याआधीच्या स्कॅनवर ताजं रक्त दाट दिसलं असतं आणि त्याने डाय घेतला नसता. तो प्रकार मी एकदाच पाहिलाय: ठाण्यात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनवर असलेल्या एका आजी, आठवड्याभराने कुशीत अचानक दुखायला लागलं, हिमोग्लोबिन आणि बीपी दोन्ही घसरले. या ग्रंथीत धमन्यांतून रक्त भरपूर येतं, पण बाहेर जायला मुख्य शीर एकच. ती तुंबली की ग्रंथी आतल्या आत फुटते. त्या आजींना काळे डाग नव्हतेच, कारण रंग चढायला महिने लागतात आणि रक्तस्रावाला काही तास पुरतात.

एचआयव्हीची तपासणी टीबीच्या प्रत्येक पेशंटची होतेच, काकांची निगेटिव्ह होती. पॉझिटिव्ह असती तर हिशेब वाढला असता. प्रतिकारशक्ती फार खालावली की सायटोमेगॅलो नावाचा विषाणूही अ‍ॅड्रीनल खातो, बुरशीवरचं कीटोकोनॅझोल कॉर्टिसॉलची निर्मिती अडवतं. आणखी एक संशयित म्हणजे हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी. आपल्याकडे दोन्ही ग्रंथी सुजवण्यात तिचा नंबर टीबीच्या मागोमाग लागतो आणि स्कॅनवर ती हुबेहूब टीबीसारखी दिसते. छातीत टीबी आहे म्हणून अ‍ॅड्रीनलमध्येही तोच, असं धरून चालणं मला पटत नाही. काका स्थिरावल्यावर आधी फिओक्रोमोसायटोमाची गाठ नसल्याची खात्री केली, कारण तिच्यात सुई घातली तर बीपी भडकतं. मग सीटीखाली सुईने तुकडा काढला. त्यात टीबीचाच जंतू सापडला, बुरशी नाही.

घरी जाताना हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या दिवसाला 40 मिलिग्रॅम दिल्या, नेहमीच्या साधारण दुप्पट, कारण रिफाम्पिसिन अर्धं गिळंकृत करणार होती. सोबत मीठ धरून ठेवणारी फ्लुड्रोकॉर्टिसोन. टीबीचा कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी डोस 20 वर आणला. तो ताबडतोब कमी करायचा नसतो, लिव्हरची यंत्रणा थंडावायला दोनेक आठवडे जातात.

"टीबी बरा झाला, मग या गोळ्या कशाला?" मावशींनी विचारलं. सकाळचं कॉर्टिसॉल पुन्हा केलं, तीनच्या खालीच. टीबी मेला तरी गेलेली ग्रंथी बहुधा परत येत नाही. नव्या स्कॅनमध्ये ग्रंथी आक्रसल्या होत्या आणि त्यांत चुन्याचे ठिपके पडायला लागले होते. गोळ्या जन्मभर.

काकांना मात्र गावच्या जत्रेची घाई होती. ताप आला तर डोस दुप्पट, उलटी होऊन गोळी पोटात टिकली नाही तर लगेच इंजेक्शन, हे मुलाकडून तीनदा वदवून घेतलं. उपास केला तरी गोळी आणि मीठ सोडायचं नाही, हे मावशींना बजावलं. हायड्रोकॉर्टिसोनच्या दोन बाटल्या आणि सिरिंजा पिशवीत दिल्या. गावातल्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली: "बेशुद्ध वा बीपी कमी असल्यास आधी 100 मिलिग्रॅम द्यावे, मग मला फोन करावा." 'आधी' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.