पुण्याची वाहतूक आणि आंबेनळी घाट: एका गाडीच्या ब्रेक पॅडची निवड

माझी पेट्रोलवर चालणारी साधी हॅचबॅक गाडी आठवडाभर पुण्याच्या गर्दीत धावते आणि गाव पोलादपूरजवळ असल्यामुळे अधूनमधून महाबळेश्वरमार्गे आंबेनळी घाट उतरते. या दोन कामांसाठी ब्रेक पॅडकडून असलेल्या अपेक्षा इतक्या वेगळ्या आहेत की एका कामासाठी उत्तम ठरलेला पॅड दुसऱ्या कामात कमी पडतो. गेल्या काही वर्षांत मी याच गाडीवर ऑरगॅनिक, सेमी-मेटॅलिक आणि सिरॅमिक असे तिन्ही प्रकार क्रमाने वापरले. गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम असल्यामुळे येथील सर्व चर्चा पुढच्या दोन चाकांच्या डिस्कवर दाबल्या जाणाऱ्या पॅडची आहे. मागच्या ब्रेक शूंना मी हात लावलेला नाही.

कंपनीतून आलेले पॅड ऑरगॅनिक होते. यात रबर, काचेचे किंवा अ‍ॅरामिडचे तंतू आणि इतर भुकटी फिनॉलिक रेझिनने बांधलेली असते. आम्हा कोकणच्या लोकांना गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे घर्षणासाठी घातल्या जाणाऱ्या भुकटीतला एक महत्त्वाचा घटक काजूच्या टरफलाच्या तेलापासून तयार होतो. हा पॅड मऊ असतो, थंड असतानाही लगेच पकडतो, आवाज करत नाही आणि डिस्क फारशी झिजवत नाही. शहरात मला त्याबद्दल एकही तक्रार नव्हती. तक्रार आली ती घाटात, तेही गाडीत चार माणसे आणि सामान असताना, पुढे एक भरलेला टेम्पो अगदी सावकाश उतरत असल्यामुळे दुसऱ्या गिअरमध्येही वारंवार ब्रेक लावावा लागला तेव्हा. आधी जळका वास आला, मग पेडलवर नेहमीपेक्षा बराच जास्त जोर द्यावा लागू लागला. मोकळी जागा पाहून गाडी बाजूला घेतली आणि अर्धा तास थांबल्यावर ब्रेक पूर्ववत झाले.

पुण्यात परतल्यावर मी हे माझ्या जुन्या मेकॅनिकना सांगितले, तेव्हा त्यांनी पॅड काढण्याआधी एकच प्रश्न विचारला: "साहेब, पेडल कडक झालं होतं की खाली गेलं होतं?" पुढच्या सगळ्या निवडीचा पाया हाच प्रश्न ठरला. पेडल कडक राहून गाडी थांबत नसेल, तर पॅडची पकड गेलेली असते. पेडल मऊ होऊन खाली जात असेल, तर पॅड ठीक असून पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारे ब्रेक ऑइल उकळलेले असते. माझ्या बाबतीत पहिला प्रकार घडला होता. तापमान साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की रेझिन विघटित होऊ लागते, त्यातून निघणारा वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये अडकतो आणि घर्षण कमी होते. काढलेल्या पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत आणि चमकदार झाला होता, म्हणजे तो ग्लेझ झाला होता.

शहरात जे कधी घडले नाही ते घाटात का घडले, हे समजण्यासाठी थोडे गणित पुरते. माणसांसह माझी गाडी सुमारे १४०० किलो भरते. ताशी ४० किलोमीटर वेगावरून ती सिग्नलला थांबवली की सुमारे ८६ किलोज्यूल उष्णता तयार होते, आणि पुढच्या सिग्नलपर्यंत डिस्कला वारा मिळून ती बऱ्यापैकी निवते. महाबळेश्वर ते पोलादपूर हा उतार सुमारे १३०० मीटर उंचीचा आहे. तेवढ्या उंचीवरून हेच वजन खाली आणताना सुमारे १८ मेगाज्यूल ऊर्जा सुटते, म्हणजे सिग्नलला थांबण्याच्या दोनशे वेळांइतकी, आणि तीही दीड तासाच्या आत. यातला चांगला मोठा वाटा टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध खातात. उरलेली ऊर्जा इंजिन आणि ब्रेक यांनी वाटून घ्यायची असते. खालचा गिअर ठेवला तर इंजिन बरेच ओझे उचलते, न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याचे मात्र सगळे ओझे पॅडवर येते. त्यामुळे पॅड कोणताही असला तरी घाटात दुसरा गिअर हा माझा नियम आहे आणि पॅडची तुलना मी त्या नियमाच्या आत राहूनच केली आहे.

दुसऱ्या वेळी मी सेमी-मेटॅलिक पॅड बसवले. यात वजनाने साधारण ३० ते ६५ टक्के धातू असतो, मुख्यतः पोलादाचे तंतू, लोखंडाची भुकटी आणि त्यांच्या जोडीला ग्रॅफाइट. खोक्यावर काय छापले आहे यावर मी फारसा विसंबत नाही. पॅडच्या काठाचा थोडा भुगा कानशीने घासून कागदावर घेतला आणि खालून चुंबक फिरवले, तर सेमी-मेटॅलिकचा भुगा लगेच चुंबकामागे धावतो. पॅडच्या पाठीवर किंवा काठावर छापलेल्या संकेतात दोन इंग्रजी अक्षरे असतात, त्यातले पहिले सामान्य तापमानातले आणि दुसरे तापलेल्या अवस्थेतले घर्षण सांगते. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५ आणि ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. माझ्यासारख्याने दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे तर नाही ना, एवढे पाहावे. मात्र ही चाचणी एका लहान तुकड्यावर होते आणि ‘एफएफ’ छापलेले दोन पॅड गाडीवर सारखेच वागतील अशी हमी त्यातून मिळत नाही.

घाटात या पॅडने माझा विश्वास पूर्णपणे कमावला. वाडा कुंभरोशीपर्यंतचा पहिला उतार आणि त्यानंतरचा आंबेनळीचा वळणावळणांचा उतार, दोन्हींच्या शेवटी पेडलवरचा जोर तेवढाच लागत होता. पण एकदा उन्हाळ्यात पोलादपूरच्या थोडे अलीकडे पेडल नेहमीपेक्षा किंचित मऊ आणि खोल जाणवले, आणि मला मेकॅनिकचा प्रश्न आठवला. या वेळी उत्तर दुसरे होते. धातू उष्णता चांगली वाहून नेतो, म्हणून सेमी-मेटॅलिक पॅड डिस्कवरची उष्णता स्वतःतून मागे, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडे पोहोचवतो. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी शिरल्यावरच्या चाचणीत ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, ते दाबले जातात आणि पेडल खाली जाते. गॅरेजमध्ये ऑइल तपासले तेव्हा त्यात पाण्याचे प्रमाण बरेच वाढलेले निघाले. कोकणातल्या पावसाळ्यांनंतर यात नवल नव्हते. ऑइल पूर्ण बदलून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढल्यावर तो मऊपणा पुन्हा आला नाही.

शहरात मात्र या पॅडने कंटाळा आणला. सकाळी थंड असताना पहिले काही ब्रेक जरा सैल लागत, हळू वेगात चिरका आवाज येई, चाकांच्या रिमवर काळी भुकटी साचे आणि पावसाळ्यात दोन दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या पॅडवर गंजाचा थर दिसे. याहून महत्त्वाचे म्हणजे डिस्कच्या काठाला उंचवटा जाणवू लागला. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. मोजल्यावर ती त्या मर्यादेच्या जवळ आलेली दिसली, म्हणून पॅड बदलताना डिस्कही बदलाव्या लागल्या.

तिसऱ्या वेळी सिरॅमिक पॅड घेतले. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. महागड्या स्पोर्ट्स गाड्यांमधल्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी यांचा काही संबंध नाही. साध्या लोखंडी डिस्कवर चालणाऱ्या या पॅडमध्ये सिरॅमिकचे तंतू व भुकटी असते, पण बांधणारे द्रव्य रेझिनच असते, त्यामुळे याला सुधारलेला ऑरगॅनिक म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहे. तो उष्णता फार पुढे जाऊ देत नाही, म्हणून ब्रेक ऑइल तुलनेने थंड राहते, आणि त्याच कारणाने डिस्कवर अधिक भार पडतो. हवा खेळण्यासाठी मध्ये पोकळी असलेली डिस्क हा भार सहज सोसते. माझ्या गाडीच्या पुढच्या डिस्क तशा आहेत. भरीव डिस्क असलेल्या गाडीला, तीही नेहमी भरून जाणाऱ्या, मी हा पॅड इतक्या सहज सुचवणार नाही.

नवे पॅड बसवल्यावर ते लगेच घाटात न नेता आधी डिस्कशी जुळवून घ्यावे लागतात. रात्री मोकळ्या रस्त्यावर मी ताशी ५० ते ६० किलोमीटरवरून मध्यम जोराने ब्रेक लावून वेग १० पर्यंत आणला, गाडी पूर्ण न थांबवता पुन्हा वेग घेतला आणि असे आठ-दहा वेळा करून मग बराच वेळ ब्रेक न वापरता गाडी चालवत ठेवली. यातून पॅडच्या द्रव्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो. नव्या डिस्कमुळे माझे काम सोपे झाले; जुन्या डिस्कवर आधीच्या पॅडचा थर असतो, तो पॉलिश पेपरने घासून काढावा लागतो. हा थर असमान झाला तर ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते आणि लोक डिस्क वाकली असे समजतात. घाट उतरून पोलादपूरला थांबताना म्हणूनच मी पेडल दाबून ठेवत नाही. शेवटचे एक-दोन किलोमीटर ब्रेक शक्यतो न लावता जातो आणि थांबल्यावर हँडब्रेक वापरतो, जो मागच्या ड्रमवर काम करतो. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतणारे लोक तिथे अजूनही दिसतात. त्याने डिस्कला तडे जाऊ शकतात.

घाटातली पकड पाहता सिरॅमिक सेमी-मेटॅलिकच्या किंचित मागे आहे आणि ऑरगॅनिकच्या पुष्कळ पुढे आहे. शहरात तो जवळजवळ ऑरगॅनिकइतकाच शांत आहे, भुकटी फिकट रंगाची असून रिमला कमी चिकटते, मात्र पहिल्या ब्रेकला पाय थोडा जास्त द्यावा लागतो. किंमत ऑरगॅनिकच्या जवळपास दुप्पट पडली. माझा वापर बहुतांशी शहरातला असल्यामुळे मी यावरच थांबलो आहे. मी महाबळेश्वरला राहून रोज प्रवासी भरून खाली नेत असतो, तर आवाज आणि डिस्कचा खर्च सोसून सेमी-मेटॅलिकच ठेवला असता. आणि जो माणूस वर्षानुवर्षे शहराबाहेर जातच नाही, त्याला ऑरगॅनिक सोडण्याचे कारण मला दिसत नाही. सध्या माझ्या पॅडची जाडी निम्म्याहून अधिक शिल्लक आहे. घर्षणद्रव्य ३ मिलिमीटरवर आले की ते बदलायचे आणि ब्रेक ऑइल पॅडची वाट न पाहता दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर बदलायचे, असे मेकॅनिकशी ठरले आहे.