छोटा टब: नळ भिंतीत, आता वेस्ट आणि ओव्हरफ्लो

चार फुटी अ‍ॅक्रिलिक टबचं काम नळ आणि ड्रेनपर्यंत आलंय. नळ काठावर बसवायचा की भिंतीत, हे काठ मोजल्यावरच ठरलं. वरून काठ ६० मिमी दिसतो, पण कड खाली वळलेली असल्याने आतून सपाट जागा जेमतेम ४० मिमी. नळाखालचा वॉशर आणि नट तिथे नीट बसत नाही. शिवाय टब तीन बाजूंनी भिंतीला लागून आहे. पुढे नट सैल झाला तर पाना घालायला हात जायला हवा ना! काठ रुंद असेल आणि समोरचं पॅनेल निघत असेल, तर मात्र काठावरचा नळ जरूर घ्या, भिंत फोडावी लागत नाही.

भिंतीतल्या नळाला स्पाउटची, म्हणजे भिंतीतून पुढे येणाऱ्या तोटीची लांबी महत्त्वाची. ती टाइलच्या पृष्ठभागापासून मोजायची, कच्च्या भिंतीपासून नाही. माझा स्पाउट १५० मिमी पुढे येतो. त्यातले ६० मिमी काठात जातात, म्हणजे धार आतल्या कडेपासून ९० मिमीवर, थेट पाण्यात पडते. त्याहून आखूड घेतला असता तर धार टबच्या उतारावर आपटून शिंतोडे बाहेर आले असते. स्पाउटचं तोंड काठाच्या ५० मिमी वर ठेवलंय. वरची टाकी रिकामी होऊन पाइपात ओढ निर्माण झाली, तरी टबातलं पाणी उलटं नळात शिरू नये म्हणून.

आता ओव्हरफ्लो, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणारं टबच्या भिंतीतलं वरचं भोक. छोट्या टबात हे भोक किती उंचीवर आहे यावरच अंघोळीला किती पाणी मिळणार ते ठरतं. माझ्या टबात पाण्याचा पृष्ठभाग साधारण १ मीटर बाय अर्धा मीटर, म्हणजे दर सेंटिमीटरला ५ लिटर. भोक ४ सेंटिमीटर वर असतं तर २० लिटर जास्त मावलं असतं.

टबची भिंत तिरकी असल्याने ओव्हरफ्लोच्या मागचा रबरी वॉशर पाचरीसारखा, एका बाजूला जाड असतो. टबची भिंत वर बाहेर झुकते, म्हणून जाड बाजू खाली ठेवायची. उलटा बसला की नट आवळूनही एका बाजूने पाणी झिरपतंच. वेस्टच्या, म्हणजे तळाच्या ड्रेनच्या फ्लँजखाली सिलिकॉन लावलं. तेलकट पुट्टी अ‍ॅक्रिलिकला चालत नाही.

चाचणी अशी केली: वेस्ट बंद, गरम-थंड दोन्ही नळ पूर्ण उघडे. १० लिटरची बादली ५० सेकंदांत भरते, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. पाणी भोकाच्या थोडं वर चढलं आणि तिथेच थांबलं. खाली सांध्यांभोवती गुंडाळलेला टिश्यू कोरडा राहिला. मात्र ही धार गच्चीवरच्या टाकीची आहे. प्रेशर पंप बसवलात तर हीच चाचणी पुन्हा करा, कारण तेवढ्या पाण्याला हा ओव्हरफ्लो पुरेलच असं नाही.

आता टब पाण्याने भरलेला ठेवूनच भिंतीलगतचा सांधा सिलिकॉनने भरतोय, म्हणजे पुढे वजनाने टब दबला तरी सांधा फाटणार नाही. सिलिकॉन सुकलं की पॅनेल लावायला घेतो.