आमची वाटचाल : केळीच्या पट्ट्यातील कंटेनरच्या खोल्या

जळगावात आमचे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट आणि शेड बनवता बनवता आम्ही जुन्या मालवाहू कंटेनरच्या खोल्यांकडे वळलो, कारण रावेर-यावल भागातील केळी उत्पादकांना आणि व्यापाऱ्यांना हिशेबाची, मुक्कामाची खोली हवी असते, परंतु भाड्याच्या जागेवर पक्के बांधकाम करणे त्यांना परवडत नाही. सावद्याजवळच्या एका पॅकिंग केंद्राचे काम येथे सविस्तर मांडतो, कारण या धंद्यातील बहुतेक अवघड प्रश्न त्या एकाच कामात समोर आले.

कंटेनर २० फुटी होता. मालकांना लांब बाजूला ३ मीटरची काचेची खिडकी हवी होती, म्हणजे जवळजवळ अर्धी भिंत कापायची होती. कंटेनरचा उभा भार चार कोपऱ्यांचे खांब घेतात, म्हणूनच जहाजावर ते एकावर एक रचता येतात. परंतु दोन खांबांमधली लांब बाजू उभी राहते ती जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या खाचदार पत्र्यामुळे. हा पत्रा वरची आणि खालची पट्टी एकत्र बांधून त्यांची एक उंच तुळई बनवतो, आणि तो कापला की वरची पट्टी झुकते, कंटेनरचा तळ मध्ये दबतो, शिवाय वाऱ्याच्या दाबाने संपूर्ण पेटी तिरकी होऊ लागते.

म्हणून आम्ही आधी पाया घेतला. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे चारही कोपऱ्यांखालचे काँक्रीटचे खांब मुरमापर्यंत खोल नेले आणि खिडकीच्या दोन्ही बाजू जिथे येणार होत्या, तिथे खालच्या पट्टीला आणखी दोन आधार दिले. लेव्हल पाइपने पेटी समपातळीत आल्यावर ७५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची संपूर्ण चौकट भिंतीला जोडली, आणि त्यानंतरच चौकटीच्या आतला पत्रा कापला. पेटी पिळलेल्या अवस्थेत असताना चौकट जोडली, तर तो पीळ कायमचा राहतो. कापण्यासाठी गॅस न वापरता ग्राइंडर वापरला, कारण पातळ पत्रा आचेने वाकतो. त्याच कारणाने वेल्डिंगही लहान लहान टाक्यांत, एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला केले. चौकट पुरेशी आहे की नाही हे दोन गोष्टींवरून कळते : वरच्या पट्टीलगत ताणलेला दोरा कापण्यापूर्वी आणि नंतर सारखाच बसला पाहिजे, आणि मागचे मूळ दरवाजे पूर्वीइतकेच सहज लागले पाहिजेत. दरवाजा अडू लागला, तर पेटी तिरकी झाली किंवा पायाचा एखादा खांब खचला असे समजावे.

ग्राइंडरचा कीस त्याच दिवशी झाडून पुसून काढावा लागतो, नाहीतर पहिल्या दमट रात्री तो रंगावर गंजाचे ठिपके पाडतो. कंटेनरचे पोलाद गंजाला दाद देत नाही असा समज सर्वत्र आहे, पण तो अर्धाच खरा आहे. त्यावर गंजाचा घट्ट, संरक्षक थर बसतो, मात्र पत्रा भिजून पुन्हा वाळत राहिला तरच. छताच्या पोचक्यात साचलेल्या पाण्याखाली किंवा मातीला टेकलेल्या पट्टीत गंज थांबत नाही. अशा जागा आम्ही हातोडीने वाजवून पाहतो. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे निघाले, तर रंग लावून भागत नाही, तो तुकडा बदलावाच लागतो.

सर्वांत घातक गंज मात्र आतल्या अस्तरामागे, नजरेआड धरतो. दुसरीकडे तयार झालेली एक खोली आमच्याकडे दुरुस्तीला आली, तेव्हा तिच्या प्लायमागचे ग्लासवूल ओले होते आणि छत कुठेही गळत नव्हते. खानदेशात हिवाळ्याच्या रात्री पत्रा फार थंड होतो; माणसांच्या श्वासातील आणि चहाच्या शेगडीची वाफ ग्लासवूलमधून आरपार जाऊन त्या पत्र्यावर पाणी होते, आणि ते वाळायला वाट नसते. म्हणून सावद्याच्या खोलीत आम्ही पत्र्याला चिकटून बसणारा, बंद पेशींचा पीयू फोम ५० मिलिमीटर जाडीने फवारला, म्हणजे पत्रा आणि अस्तर यांच्यात हवेला जागाच उरली नाही. आतली चौकटही पत्र्याला न टेकता फोमवर उभी केली, कारण लोखंडी पट्टी थेट भिडली तर तिथून उष्णता आत येते.

एवढे करूनही मे महिन्यातील ४५ अंशांचे ऊन नुसत्या फोमने आटोक्यात येत नाही. फोम उष्णतेचा वेग कमी करतो, पण दिवसभर तापलेले छत संध्याकाळी उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहते. म्हणून छतावर पांढरा रंग देऊन त्याच्या सुमारे एक फूट वर दुसरे उतरते पत्र्याचे छप्पर बसवले, आणि मधली फट दोन्ही बाजूंनी वाऱ्याला मोकळी ठेवली. ऊन वरच्या पत्र्यावर पडते, गरम हवा फटीतून निघून जाते आणि पावसाचे पाणी खालच्या पोचक्यांत साचतही नाही. खर्च कमी करायचा असेल, तर आतल्या सजावटीत करावा, या छपरात करू नये, असे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो. साध्या उंचीच्या कंटेनरची आतली उंची सुमारे २.३९ मीटर असते आणि फोम, अस्तर व फरशीमुळे ती आणखी घटते, म्हणून पंखा लावायचा असल्यास एक फूट जास्त उंच असलेला हाय क्यूब कंटेनर घ्यावा, हेही आम्ही आधीच स्पष्ट करतो.

लांब भिंत पूर्ण काढून दोन कंटेनर एकत्र जोडण्याची मागणी आता वाढते आहे. ते काम आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आराखड्याशिवाय घेत नाही, कारण तिथे मधल्या खांबांची आणि वरच्या तुळईची जाडी अंदाजाने ठरवता येत नाही.