नकार आणि तिजोरीच्या दोन किल्ल्या

सोमवार, रात्री

शुक्रवारी कॅश टॅली झाल्यावर हेड कॅशियरनं विचारलं, "मॅडम, रविवारी शाहू कलामंदिरला नाटक आहे. येता का? आपण दोघंच." त्या 'दोघंच'नंतर समजायचं काही उरलं नव्हतं. मी "रात्री सांगते" म्हटलं आणि साडेआठला फोन केला. लेखी नकार माणूस दहादा वाचतो, म्हणून मेसेज टाळला.

फोनआधी मनात तीन उत्तरं येऊन गेली. "रविवारी पाहुणे येणारेत" म्हटलं असतं, तर त्यानं पुढचा रविवार सुचवला असता, आणि चूक त्याची नसती. "सध्या नको" म्हणजे नंतर विचारा. तिसरं आपल्याकडचं हुकमी, "तुम्ही मला भावासारखे"! बिचाऱ्यानं नाटकाचं विचारलं, त्याच्या हातात राखी कशाला?

शेवटी म्हणाले, "तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून मीही सरळ सांगते. माझ्या मनात तसं काही नाही, त्यामुळे मी येणार नाही. हे आपल्या दोघांतच राहील." सॉरी म्हटलं नाही. कारणही दिलं नाही, कारण दिलं की त्यावर तोडगा निघतो. तो जरा थांबून "बरं, मॅडम" म्हणाला.

खरी परीक्षा आज सकाळी होती. आमच्या शाखेत तिजोरीची एक किल्ली त्याच्याकडे, दुसरी माझ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय कॅश बाहेर येत नाही, त्यामुळे तोंड चुकवायची सोयच नाही. मी नेहमीच्या वेळेला गेले आणि आधी कामाचंच बोलले, "फाटक्या नोटांचं पाकीट आज पाठवायचं ना?" त्यानं मान हलवली. पहिलं वाक्य कामाचं निघालं की पुढचं सोपं जातं.

दुपारी त्याच्या कॅशमध्ये पाचशे रुपये कमी आले. इथं माझा हात अडखळला. कडक वागले तर डूख धरला वाटेल, सूट दिली तर दया. मग इतर वेळी करते तेच केलं. बंडलं पुन्हा मोजायला लावली, व्हाउचर ताडून पाहिले. शंभरची नोंद असलेल्या व्हाउचरवर सहाशे गेले होते. ग्राहकाला फोन केला, तो पैसे परत घेऊन आला. नाहीतर ते कॅशियरला खिशातून भरावे लागले असते.

चहाला मी नेहमीसारखी सगळ्यांत बसले. फक्त त्याच्या गाडीवरून स्टँडपर्यंत जाणं बंद केलं. थोडे दिवस तरी रिक्षा.

त्यानं पुन्हा विचारलं, तर हेच वाक्य याहून छोटं करून सांगेन. त्यानंतरही थांबला नाही, तर मात्र अंतर्गत समिती आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसांच्या कचेरीत ती असावीच लागते आणि तक्रारीला तीन महिने मिळतात. पण एकदा सभ्यपणे विचारून, नकार ऐकून गप्प बसलेल्या माणसावर तो कायदा उगारायचं काही कारण नाही.

उद्या एटीएम भरायचंय. त्यालाही आम्ही दोघंच.